दहा माणसं की वीस?

संख्याशास्त्राच्या वर्गात गृहपाठाला एकच गणित दिलं, सगळ्यांना आकडेही तेच दिले, तरी वह्यांच्या गठ्ठ्यातून तीन वेगवेगळी उत्तरं निघू शकतात. एका वहीत पी-व्हॅल्यू ०.०७९, दुसरीत ०.०४० आणि तिसरीत ०.००२८. बेरीज-वजाबाकी कुणाचीच चुकलेली नसते, कारण हिशोब संगणकाने केलेला असतो. पहिली वही म्हणते, दोन औषधांत फरक नाही. दुसरी म्हणते, फरक आहे. तिसरी म्हणते, फरक आहे आणि तो असल्याची ९९.७ टक्के खात्री आहे. या तिघांपैकी आकडा फक्त तिसऱ्या वहीतला बरोबर आहे, आणि त्या आकड्याखाली लिहिलेलं वाक्य मात्र चूक आहे. ते वाक्य का चुकलं, हे कळायला आधी बाकीचे दोन आकडे कुठून आले ते पाहायला हवं.

हे गणित कुठल्याही प्राध्यापकाने कल्पनेने रचलेलं नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कलामाझू इथल्या मनोरुग्णालयात झोपेच्या औषधांचा एक प्रयोग झाला होता. आर्थर कुश्नी आणि ए. आर. पीबल्स यांनी १९०५ मध्ये त्याची हकिकत शरीरक्रियाशास्त्राच्या एका नियतकालिकात छापली. औषधं हायोसायमीन आणि हायोसीन या कुळातली होती. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला उगवणाऱ्या धोतऱ्यात हीच द्रव्यं असतात. रुग्णांना काही रात्री औषध दिलं, काही रात्री दिलं नाही, आणि औषधामुळे झोप सरासरी किती तासांनी वाढली ते नोंदवलं.

तीन वर्षांनी, १९०८ मध्ये, डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट याने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने एक निबंध लिहिला. मोजकीच निरीक्षणं हाताशी असतील तर सरासरीवर किती भरवसा ठेवायचा, हा त्याचा विषय होता. आज जिला टी-टेस्ट म्हणतात तिचा उगम त्या निबंधात आहे, आणि त्यात उदाहरण म्हणून त्याने कलामाझूचे हेच आकडे वापरले. औषधांची नावं उतरवून घेताना त्याची गल्लत झाली. आकडे मात्र शाबूत राहिले. १९२५ मध्ये रोनाल्ड फिशरने आपल्या पाठ्यपुस्तकात ते घेतले आणि तिथून ते जगभरच्या वर्गांत पोहोचले. आज ‘आर’ या संगणकप्रणालीत `sleep` एवढं टाइप केलं की हे आकडे पडद्यावर येतात. त्यामुळे गृहपाठाला ते अगदी सोयीचे ठरतात.

झोपेत पडलेली वाढ, तासांमध्ये, अशी आहे:

| रुग्ण | पहिलं औषध | दुसरं औषध | फरक |
|---|---|---|---|
| १ | ०.७ | १.९ | १.२ |
| २ | −१.६ | ०.८ | २.४ |
| ३ | −०.२ | १.१ | १.३ |
| ४ | −१.२ | ०.१ | १.३ |
| ५ | −०.१ | −०.१ | ०.० |
| ६ | ३.४ | ४.४ | १.० |
| ७ | ३.७ | ५.५ | १.८ |
| ८ | ०.८ | १.६ | ०.८ |
| ९ | ०.० | ४.६ | ४.६ |
| १० | २.० | ३.४ | १.४ |

पहिल्या औषधाने झोप सरासरी ०.७५ तास वाढली, दुसऱ्याने २.३३ तास. दोन्हींत १.५८ तासांचं, म्हणजे साधारण दीड तासाचं अंतर आहे. प्रश्न असा की हे अंतर दोन औषधांमधल्या खऱ्या फरकामुळे पडलं असावं, की औषधं सारखीच असूनही माणसामाणसाच्या झोपेतल्या चढउतारांतूनच पडू शकेल.

पहिल्या वहीतल्या विद्यार्थ्याने आकडे दोन गटांचे समजले. तसं समजायला त्याला कारणही होतं. संगणकातल्या तक्त्यात शेवटचा स्तंभ सोडून वरच्यासारखे शेजारी शेजारी दोन रकाने नसतात. सगळे वीस आकडे एकाखाली एक असतात, आणि कोणता आकडा कोणत्या औषधाचा हे सांगणाऱ्या रकान्याचं नाव असतं `group`. ‘ग्रुप’ हा शब्द वाचला की दहा माणसांचे दोन वेगळे गट डोळ्यांपुढे येतात. हे नाव दिशाभूल करू शकतं, असं या आकड्यांसोबतच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे, पण माहितीपत्रक वाचायला किती जण थांबतात? विद्यार्थी ही ओळ टाइप करतो:

```
t.test(extra ~ group, data = sleep)
```

आणि उत्तर येतं: `t = -1.8608, df = 17.776, p-value = 0.07939`. ०.०५ ही प्रचलित मर्यादा धरली तर ०.०७९ तिच्या वर आहे. म्हणून तो लिहितो, ‘फरक नाही.’

वास्तविक या प्रयोगात माणसं वीस नव्हतीच. दहाच होती, आणि प्रत्येकाने दोन्ही औषधं घेतली होती. तक्त्यावरून आडवी नजर फिरवली तर हे का महत्त्वाचं आहे ते दिसतं. सहावा आणि सातवा रुग्ण दोन्ही औषधांनी भरपूर झोपले. दुसऱ्या आणि चौथ्या रुग्णाला पहिल्या औषधाने उलट झोप कमी लागली, आणि दुसऱ्याने जेमतेम वाढली. म्हणजे आकड्यांत जी प्रचंड तफावत दिसते, तिचा मोठा भाग औषधांतला नसून माणसांतला आहे. एखाद्याची प्रकृतीच अशी की कुठल्याही औषधाने त्याला गाढ झोप यावी, आणि दुसऱ्याची अशी की कशाचाच फारसा उपयोग होऊ नये. पहिल्या औषधाचे आकडे आणि दुसऱ्याचे आकडे यांच्यातला सहसंबंध ०.८०च्या जवळपास येतो, यातूनही हेच दिसतं.

दोन स्वतंत्र गटांची टी-टेस्ट माणसामाणसांतली ही सगळी तफावत अनिश्चितता म्हणून मोजते. दीड तासाच्या अंतरावरची प्रमाण त्रुटी तिच्या हिशोबाने ०.८५ तास येते. १.५८ ला ०.८५ ने भागलं की १.८६, म्हणजे अंतर त्रुटीच्या दुप्पटही नाही. अशा वेळी चाचणीने हात आखडता घेणं स्वाभाविक आहे.

तिसऱ्या वहीतल्या मुलीने आधी प्रत्येक रुग्णाचा फरक काढला. म्हणजे तक्त्यातला शेवटचा स्तंभ तिने स्वतः तयार केला. त्यानंतर तिच्यापुढे दहाच आकडे उरले, आणि प्रश्नही साधा झाला: या दहा फरकांची सरासरी शून्याहून खरोखर वेगळी आहे का? माणसाची प्रकृती दोन्ही आकड्यांत सारखीच असल्यामुळे वजाबाकीत ती बहुतांशी निघून जाते. आता प्रमाण त्रुटी ०.३९ तासांवर येते आणि तेच १.५८ तासांचं अंतर तिच्या चौपट ठरतं. संगणकावर हीच गोष्ट अशी सांगतात:

```
with(sleep, t.test(extra[group == 2],
                   extra[group == 1], paired = TRUE))
```

उत्तर येतं: `t = 4.0621, df = 9, p-value = 0.002833`. अंतर तेच, माणसं तीच, पण पी-व्हॅल्यू ०.०७९ वरून ०.००२८ वर आली. या चाचणीला जोडीची किंवा पेअर्ड टी-टेस्ट म्हणतात. गॉसेटने १९०८ मध्ये हेच केलं होतं. त्याने दहा फरकच घेतले होते.

तपासणाऱ्याला ही चूक ओळखायला पुन्हा गणित करावं लागत नाही. उत्तरातल्या `df` या आकड्याकडे पाहिलं की पुरतं. मराठी पाठ्यपुस्तकांत याला स्वातंत्र्य मात्रा म्हणतात. वर्गात बहुतेक जण ‘डिग्रीज ऑफ फ्रीडम’च म्हणतात. दहा माणसांच्या जोड्यांसाठी तो ९ यायला हवा. १८ किंवा १७.७७६ दिसला, तर विद्यार्थ्याने दहा माणसांची वीस माणसं केली असं समजावं. अनुभवी शिक्षक अशा वहीच्या समासात चूक-बरोबर काही लिहीत नाहीत. ते फक्त विचारतात, ‘प्रयोगात माणसं किती होती?’ या एका प्रश्नावर बहुतेक विद्यार्थी आपली चूक आपणच शोधून काढतात.

उलट दिशेची चूकही होते. जोडी लावण्याचं कळलं की काही जण जिथे जोडी नाही तिथेही ती लावतात. एका महाविद्यालयाच्या ‘अ’ आणि ‘ब’ तुकडीचे गुण दिले, तर ‘अ’ मधला हजेरी क्रमांक १ ‘ब’ मधल्या क्रमांक १ शी जोडतात, कारण दोन्ही रांगांत तीस-तीस आकडे असतात. त्या दोन मुलांचा एकमेकांशी काहीच संबंध नसतो. इथे एक पारख उपयोगी पडते. एका रांगेतले आकडे मनातल्या मनात ढवळून पाहावेत. तुकड्यांच्या गुणांचा क्रम बदलला तरी काही बिघडत नाही. तुकडी तीच, सरासरीही तीच. झोपेच्या तक्त्यात मात्र दुसऱ्या औषधाचा रकाना ढवळला, की कुणाच्या नावावर कुणाची झोप हे हरवतं. ढवळल्यावर माहिती हरवत असेल तर आकडे जोडीचे आहेत, हरवत नसेल तर नाहीत. चाचणी निवडण्याचा निर्णय आकड्यांच्या स्वरूपावरून होत नाही, ते कसे गोळा केले यावरून होतो. म्हणूनच हा निर्णय संगणकावर सोपवता येत नाही.

आता दुसरी वही, ०.०४० वाली. या विद्यार्थ्यानेही स्वतंत्र गटांचीच चाचणी घेतली होती. पण ०.०७९ पाहिल्यावर त्याच्या लक्षात आलं की दुसरं औषध वरचढ दिसतंय, मग ‘फरक आहे का’ ऐवजी ‘दुसरं औषध जास्त चांगलं आहे का’ असं विचारता येईल. अशा एकाच दिशेच्या प्रश्नाला एकपुच्छ चाचणी म्हणतात, आणि तिची पी-व्हॅल्यू इथे निम्मी होते: ०.०३९७. ती ०.०५ च्या खाली आली, त्याने फरक असल्याचं लिहिलं आणि निष्कर्ष तिसऱ्या वहीशी जुळला.

असा विद्यार्थी वही परत मिळाल्यावर हमखास विचारतो, ‘मॅडम, उत्तर तर बरोबर आलंय ना?’ शेवटचा शब्द जुळला आहे हे खरं. पण तो दोन चुकांतून जुळला आहे, आणि त्यातली दुसरी चूक पहिलीपेक्षा गंभीर आहे. पहिल्या वहीतल्या मुलाने प्रयोग नीट वाचला नव्हता, इतकंच. याने आकडे पाहून झाल्यावर प्रश्न बदलला. दिशा आधीच ठरली असेल, म्हणजे पहिलं औषध वरचढ निघालं असतं तरी तो फरक आपण मानला नसता असं प्रयोगापूर्वी लिहून ठेवलं असेल, तरच एकपुच्छ चाचणी ग्राह्य ठरते. निकाल पाहून दिशा ठरवणाऱ्याने प्रत्यक्षात दोन्ही दिशा खुल्या ठेवलेल्या असतात, आणि त्यामुळे चुकीचा कौल मिळण्याची शक्यता ५ टक्के नसून १० टक्के होते. वही तपासताना हे ओळखायचं तर परिकल्पना कुठे लिहिली आहे ते पाहावं. ती संगणकाच्या उत्तराच्या आधी लिहिलेली असेल आणि प्रश्नाच्या शब्दांशी जुळत असेल तर ठीक. प्रश्नात ‘फरक आहे का’ असं विचारलेलं असताना वहीत अचानक ‘जास्त’ हा शब्द आला, तर शिक्षकाने तिथे थांबायला हवं.

तिसऱ्या वहीतल्या त्या वाक्याकडे आता वळता येईल. ‘पी-व्हॅल्यू ०.००२८, म्हणजे औषधं सारखी असण्याची शक्यता फक्त ०.२८ टक्के, दुसरं औषध चांगलं असल्याची ९९.७ टक्के खात्री.’ हे इतकं सरळ वाटतं की ते चूक आहे हे पटवायला वेळ द्यावा लागतो. त्यासाठी टी-टेस्ट क्षणभर बाजूला ठेवून पी-व्हॅल्यू हातानेच काढलेली बरी. याच तक्त्यावर ती नाण्याच्या साहाय्याने काढता येते.

फरकाच्या स्तंभात पाचव्या रुग्णाचा फरक शून्य आहे, तो सोडून देऊ. उरलेल्या नऊही जणांना दुसऱ्या औषधाने जास्त झोप लागली. आता असं धरून चालू की दोन्ही औषधं अगदी सारखी आहेत. मग एखाद्या रुग्णाला कोणत्या औषधाने जास्त झोप लागेल हे केवळ योगायोगावर अवलंबून, म्हणजे नाण्याची छाप की काटा. नऊ नाणी उडवली आणि नऊही छापा पडले, असं होण्याची शक्यता ५१२ त १. नऊही काटे पडले असते तरी आपण तितकेच चकित झालो असतो, म्हणून तीही धरायची: ५१२ त २, म्हणजे ०.००३९. झाली पी-व्हॅल्यू. याला चिन्ह चाचणी म्हणतात. ती फरक किती तासांचा आहे हे पाहत नाही, फक्त कोणत्या बाजूला आहे ते पाहते. तरीही तिचं उत्तर टी-टेस्टच्या ०.००२८ च्या जवळ आलं.

या हिशोबात पहिलंच पाऊल कोणतं होतं? ‘औषधं सारखी आहेत असं धरून चालू.’ ५१२ हा आकडा त्या गृहीतातूनच आला. मग याच हिशोबातून ‘औषधं सारखी असण्याची शक्यता किती’ हे उत्तर कसं निघेल? जे आपण सुरुवातीलाच खरं मानलं, त्याच्या खरेपणाची शक्यता त्याच आकड्यात सापडू शकत नाही. पी-व्हॅल्यू एवढंच सांगते: औषधं सारखी असती, तर असे किंवा याहून टोकाचे आकडे किती क्वचित दिसले असते. ‘औषधं सारखी असतील तर हे आकडे’ आणि ‘हे आकडे दिसले असतील तर औषधं सारखी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्यांच्यात किती अंतर पडू शकतं हे एका काल्पनिक हिशोबाने स्पष्ट होईल. समजा एखादी प्रयोगशाळा १००० नवी औषधं तपासते आणि त्यांतली १०० च खरोखर गुणकारी आहेत. चाचणी चांगली आहे, गुणकारी १०० पैकी ८० तिला सापडतात. उरलेली ९०० कुचकामी आहेत, पण ०.०५ ची मर्यादा ठेवल्यामुळे त्यांतली ५ टक्के, म्हणजे ४५, केवळ योगायोगाने पार होतात. एकूण १२५ औषधांवर ‘फरक आहे’ असा शिक्का बसला, आणि त्यांतली ४५ खोटी निघाली. हे प्रमाण ३६ टक्के होतं, ५ नव्हे. सुरुवातीला १०० ऐवजी ५०० औषधं गुणकारी असती तर हेच प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास आलं असतं. म्हणजे निष्कर्ष खरा असण्याची शक्यता सांगायची तर आधीची पार्श्वभूमी माहीत हवी, आणि पी-व्हॅल्यूला ती माहीत नसते.

हा घोटाळा विद्यार्थ्यांपुरता नाही. खुद्द गॉसेटने १९०८ च्या त्या निबंधात हे आकडे सोडवल्यावर, दुसरं औषध अधिक झोप आणणारं असण्याची शक्यता ०.९९८५, म्हणजे ६६६ ला १, असं लिहिलं होतं. त्या काळात असं लिहिण्याची रीत होती. पण तसं म्हणायचं तर औषधांबद्दल आधी काय समज होती तेही हिशोबात घ्यावं लागतं, आणि टी-टेस्टच्या आजच्या पद्धतीत ते घेतलेलं नसतं. तेव्हा तिसऱ्या वहीतल्या मुलीला लाल शेरा देताना, तिचं वाक्य या चाचणीच्या जनकाच्या वाक्याशी मिळतंजुळतं आहे, हे शिक्षकाला ठाऊक असलं तर बरं. निदान तो शेरा रागाचा होणार नाही.

आणि शिक्षकांचं काय? हायको हालर आणि श्टेफान क्राउस यांनी २००२ मध्ये जर्मनीतल्या सहा विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागांतली एक पाहणी प्रसिद्ध केली. त्यांनी टी-टेस्टचा एक निकाल दिला, पी-व्हॅल्यू ०.०१, आणि खाली त्याचे अर्थ सांगणारी सहा विधानं लिहून प्रत्येक खरं की खोटं ते विचारलं. सहाही विधानं खोटी होती. ४४ विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकाने निदान एक विधान खरं मानलं. ३९ संशोधक-प्राध्यापकांपैकी सुमारे ९० टक्क्यांनी तसंच केलं. आणि जे ३० जण हाच विषय शिकवत होते, त्यांच्यापैकीही ८० टक्क्यांनी. विद्यार्थ्यांच्या वह्यांतलं ते वाक्य पिढ्यान्‌पिढ्या का टिकतं, याचं उत्तर बहुधा इथे आहे. तपासणाऱ्याला ते चुकीचं वाटलंच नाही, तर त्यावर लाल रेघ ओढणार कोण? २०१६ मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने पी-व्हॅल्यूबद्दल जाहीर निवेदन काढलं. परिकल्पना खरी असण्याची शक्यता पी-व्हॅल्यू मोजत नाही, हे त्यात स्पष्ट शब्दांत सांगावं लागलं.

पहिल्या वहीतल्या ‘फरक नाही’ या वाक्याचा हिशोब अजून बाकी आहे. त्या मुलाची चाचणी चुकली होती, पण क्षणभर मानू की माणसं खरंच वीस होती आणि ०.०७९ हाच योग्य आकडा होता. तरीही त्याचं वाक्य चूकच राहतं. संगणकाने त्याच उत्तरात आणखी एक ओळ दिलेली असते, विश्वास मर्यादांची. घाईत ती वाचायची राहून जाते. दुसऱ्या औषधाची आघाडी किती असू शकेल हे ती सांगते, आणि या चाचणीत ती उणे ०.२१ तासांपासून अधिक ३.३७ तासांपर्यंत येते. म्हणजे दुसरं औषध किंचित वाईटही असू शकेल, किंवा तब्बल सव्वातीन तासांनी चांगलंही. अशा परिस्थितीत ‘फरक नाही’ म्हणणं म्हणजे माहिती अपुरी असताना निकाल देणं. ‘या आकड्यांवरून फरक आहे की नाही हे ठरवता येत नाही’ असं त्याने लिहिलं असतं, तर चाचणी चुकूनही वाक्यासाठीचे गुण त्याला द्यावे लागले असते. जोडीच्या चाचणीत याच मर्यादा ०.७० ते २.४६ तास अशा आवळून येतात, आणि शून्य त्यांच्या बाहेर राहतो.

मग पूर्ण गुणांचं उत्तर कसं दिसेल? साधारण असं: ‘दहा रुग्णांनी दोन्ही औषधं घेतली असल्यामुळे जोडीची टी-टेस्ट केली. दुसऱ्या औषधाने झोप सरासरी १.५८ तास जास्त वाढली. ९५ टक्के विश्वास मर्यादा ०.७० ते २.४६ तास. औषधांचा परिणाम सारखाच असता तर इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता ०.००२८ असती. त्यामुळे परिणाम सारखा आहे ही शून्य परिकल्पना नाकारली.’ यात पी-व्हॅल्यू शेवटी येते आणि ‘असता तर’ हे शब्द घेऊन येते. तास आधी येतात, कारण रुग्णाला आणि डॉक्टरला कामाचे तेच आहेत. नुसत्या पी-व्हॅल्यूवरून हा फरक दीड तासाचा आहे की दीड मिनिटाचा, हे कळलं नसतं; पुरेशी माणसं घेतली तर दीड मिनिटाच्या फरकालाही अशीच बारीक पी-व्हॅल्यू मिळू शकते.

आणखी एक वाक्य लिहिणारा विद्यार्थी क्वचित भेटतो. त्याने तक्ता डोळ्यांनी वाचलेला असतो आणि नवव्या रुग्णापाशी तो थबकलेला असतो. पहिल्या औषधाने या माणसाची झोप जराही वाढली नाही, दुसऱ्याने ४.६ तासांनी वाढली. बाकी कुणाचाच फरक २.४ च्या वर नाही. जोडीच्या टी-टेस्टची अट अशी की दहा फरक साधारण घंटेच्या आकाराच्या वितरणातून आलेले असावेत, आणि हा एक फरक त्या अटीवर शंका आणतो. बरेच विद्यार्थी ही अट दोन औषधांच्या रकान्यांवर तपासतात, खरं तर ती फरकांच्या स्तंभावर तपासायची असते.

सगळा निकाल याच एका माणसाच्या जोरावर उभा असेल, असा संशय येणं साहजिक आहे. म्हणून त्याला वगळून पाहावं. नऊ फरकांची सरासरी १.२४ तासांवर घसरते, पण फरकांतली तफावत त्याहून कितीतरी जास्त घटते, आणि टी ४.०६ वरून ५.६६ वर चढतो. दुसऱ्या औषधाच्या बाजूने सर्वात जोरदार साक्ष देणारा माणूस बाजूला केला आणि पुरावा उलट पक्का झाला, कारण त्याच्या एकट्याच्या टोकाच्या आकड्याने तफावत फुगवली होती. म्हणून त्याला कायमचं वगळावं असं मात्र नाही. तो खरा रुग्ण होता आणि त्याची झोपही खरी होती. दोन्ही हिशोब वहीत मांडायचे, आणि दुसरं औषध वरचढ ठरणं नवव्या रुग्णावर अवलंबून नाही, पण सरासरी आघाडी दीड तासाची की सव्वा तासाची हे मात्र त्याच्यावर अवलंबून आहे, असं खाली लिहायचं.